अम्मीला ‘तुम्ही’, आईला ‘तू’

माझी भाची सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून दहावी झाली आणि अकरावीला मराठी माध्यमाच्या कॉलेजात गेली. पहिल्याच महिन्यात एका मैत्रिणीकडे जाऊन आली ती डोळे विस्फारूनच. “खाला, वो अपनी माँ को तू बोलती! ‘आई, तू जेवलीस का’ बोली, और माँ हँस को जवाब दी!” तिच्या दृष्टीने हे बेअदबीचे टोक होते. आमच्या घरात अम्मीला ‘तू’ म्हणणारे मूल अजून जन्माला यायचे आहे.

त्याच आठवड्यात मैत्रिणीनेही तिला कोपऱ्यात गाठून विचारले, “तू मला सारखं ‘तुम्ही, तुम्ही’ का करतेस? माझ्यावर रागावलीस का?” भाची गोंधळली. तिने तर इज्जत दिली होती.

दोन्ही मुली चांगल्या घरच्या. दोघींनीही आपल्या घरी शिकवले तसेच केले आणि दोघींनाही समोरचीचे वागणे खटकले. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे असे प्रसंग दरवर्षी पाहते. मुलांना व्याकरण येत नाही म्हणून हे घडते असे नाही. प्रत्येक भाषा अदब वेगवेगळ्या जागी ठेवते. आपण घरच्या बोलीतून मराठीत येताना शब्द बदलतो, पण अदबीची जागा बदलायला विसरतो.

उर्दूत समोरच्यासाठी तीन शब्द आहेत: तू, तुम, आप. मराठीतही तीनच आहेत: तू, तुम्ही, आपण. तीनाला तीन जोडले की काम झाले असे वाटते. चूक तिथेच होते. उर्दूतला ‘तू’ अगदी खालच्या पायरीवर आहे, लाडात नाहीतर भांडणात येणारा. मराठीतला ‘तू’ घरभर नांदतो. आई, आजी, मोठी बहीण, जिवलग मैत्रीण या सगळ्या ‘तू’च. बाबांना पूर्वी बहुतेक घरांत ‘तुम्ही’ म्हणत, आता शहरांतल्या पुष्कळ घरांत तेही ‘तू’ झाले आहेत. मराठी मूल आईला ‘तू’ म्हणते तेव्हा तिची इज्जत कमी करत नाही. आपल्या आणि तिच्यामध्ये अंतर नाही एवढेच ते सांगते. म्हणून तोच मुलगा आईला ‘तुम्ही’ म्हणू लागला तर आई घाबरून विचारेल, काय झाले बाळा?

हे आपल्याला अगदी परके वाटायला नको. नमाजनंतर हात उठवून आपण उर्दूत दुआ मागतो, तेव्हा अल्लाहला ‘आप’ म्हणत नाही. ‘या अल्लाह, तू रहम कर’ असेच मागतो. सर्वांत मोठ्यासाठी सर्वांत जवळचा शब्द. मी वर्गात हेच उदाहरण देते आणि मुलांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडलेला दिसतो.

खुद्द अरबीत तर एका माणसाशी बोलताना साधा आणि आदराचा असे दोन वेगळे शब्द मुळात नाहीत. ‘अन्त’ हाच शब्द मुलालाही आणि बादशहालाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी बोलताना सहाबा हाच शब्द वापरत. मग अदब कुठे होती? ती हाक मारण्यात होती, ‘या रसूलल्लाह’ या शब्दांत. आवाजाच्या पट्टीत होती. एकमेकांना हाका मारता तशी प्रेषितांना मारू नका, हे सूरह नूरमध्ये आले आहे आणि त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवू नका, हे सूरह हुजुरातमध्ये. सूरह मरयममध्ये हजरत इब्राहीम (अ.) वडिलांना मूर्तिपूजेबद्दल समजावतात. त्या चार आयतींत चारही वेळा ते वडिलांना ‘या अबति’ या मायेच्या हाकेनेच साद घालतात. मतभेद मोठा होता, तरी हाक बदलली नाही.

आता आपल्या घरच्या बोलीकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. सोलापूर, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र इथल्या बहुतेक मुस्लिम घरांत बोलली जाते ती दखनी. (कोकणी घरांची गोष्ट वेगळी; त्यांची घरची बोलीच मराठीच्या कुळातली, त्यामुळे हा गुंता तिथे कमी.) आपल्याकडच्या दखनीत ‘तुम’ हा आदराचा शब्द आहे. ‘अब्बा, तुम खाना खाव’ असे म्हणणारा मुलगा पूर्ण अदबीने बोलत असतो. म्हणजे शेजारच्या मराठीतला ‘तुम्ही’ आणि आपला ‘तुम’ हे एकाच पायरीवर बसले आहेत. ‘आप’ आमच्याकडे येतो तो निकाहच्या मजलिसीत, पाहुण्या मौलानांसाठी किंवा नव्या व्याह्यांपुढे.

माझी भावजय लखनौची. लग्न होऊन आली तेव्हा आमची मुले तिला ‘मुमानी, तुम बैठो’ म्हणत आणि तिचा चेहरा उतरे. तिकडे ‘तुम’ बरोबरीच्यांना किंवा लहानांना. तिला वाटले, सासरची मुले तिला जुमानत नाहीत. वर्षभराने तिने हे बोलून दाखवले. तोपर्यंत तिने काय काय गिळले असेल कोण जाणे! आम्हाला मात्र ती मुलांना ‘आप’ म्हणते याचे हसू यायचे. आम्ही म्हणायचो, ही मुलांना व्याही समजते की काय?

एका घरात, एका दस्तरखानावर हे होत असेल, तर दुकानात आणि कचेरीत काय होत असेल!

भाचीच्या अब्बांचे फ्रीज आणि एसी दुरुस्तीचे दुकान आहे. बारावीच्या सुट्टीत ती दुकानाचे फोन घेऊ लागली. मराठी गिऱ्हाइकांशी बोलताना आपली भाषा चांगली वाटावी म्हणून तिने ‘आप’चे सरळ ‘आपण’ केले. एका बाईंचा फ्रीज तयार झाला तेव्हा तिने फोन केला, “मावशी, आपला फ्रीज तयार आहे. आपण तो कधी नेणार? आपल्याला अठराशे पन्नास रुपये द्यायला पाहिजे.”

फोन ठेवला. दोन दिवस बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच तणतणत फोन आला की मी दोन दिवस टेम्पोची वाट पाहत घरी बसले आहे.

झाले ते असे. मराठीत ‘आपण’चे दोन अर्थ आहेत. एक ‘तुम्ही’चा जास्त आदराचा अर्थ. दुसरा ‘तुम्ही आणि मी मिळून’. बोलण्यात दुसराच अर्थ शंभरदा येतो. ‘आपण चहा घेऊ’, ‘आपण निघू या’. यातला कुठला अर्थ हे क्रियापदाच्या शेवटावरून कळते. ‘आपण नेणार आहात’ म्हणजे तुम्ही आणि ‘आपण नेणार आहोत’ म्हणजे सगळे मिळून. भाचीने ‘आपण नेणार’ एवढेच म्हटले, पुढचा ‘आहात’ गाळला. बाईंनी बोलण्यातला नेहमीचा अर्थ घेतला. त्यांना वाटले, दुकानवाले आपल्या बरोबरीने फ्रीज पोहोचवायचे ठरवत आहेत.

‘आपण’ चुकीचा नाही. त्याची जागा लेखी भाषेत आहे. निमंत्रणपत्रिकेत, अर्जात, मंचावरून स्वागत करताना ‘आपण सहकुटुंब यावे’ हेच शोभते. बिलाखाली ‘आपले आभारी’ लिहिलेले छान दिसते. पण रोजच्या तोंडी व्यवहारात मोठ्यांसाठी, गिऱ्हाइकांसाठी, डॉक्टरांसाठी आणि साहेबांसाठी ‘तुम्ही’ पुरेसा आदराचा आहे. किराणा दुकानदाराला ‘आपण साखर द्याल का’ म्हटले तर तो इकडेतिकडे बघेल, आपली थट्टा चालली आहे का म्हणून.

जाता जाता, राज्य सरकारच्या दाखल्यांच्या संकेतस्थळाचे नाव ‘आपले सरकार’ आहे. त्यातला ‘आपले’ कुठला? मी मुलांना विचारते. बहुतेक उर्दू माध्यमातून आलेली मुले म्हणतात, ‘आपकी सरकार’. मराठी माध्यमातली म्हणतात, ‘आपल्या सगळ्यांचे’.

याच्या उलट चूकही होते. उर्दूत ‘हम’ एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे समोरच्याला वगळून आणि ‘आपण’ म्हणजे समोरच्याला धरून. गिऱ्हाइकाला ‘आम्ही बसून भाव ठरवू’ म्हटले तर अर्थ होतो, तुम्ही बाहेर थांबा. म्हणायचे असते, ‘आपण बसून भाव ठरवू’. मैत्रिणींना ‘आम्ही सिनेमाला जाऊ’ म्हणणारी मुलगी त्यांना न कळत तोडून टाकत असते.

भाचीच्या त्या फोनमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या. ‘खाला’चे तिने ‘मावशी’ केले. नात्यात ते बरोबरच आहे. पण बाहेर अनोळखी बाईंना हाक मारताना गावोगावी फरक पडतो. दवाखान्यात आणि शाळेत साफसफाई करणाऱ्या किंवा मुलांना सांभाळणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणतात. भाजीवालीलाही प्रेमाने मावशीच. मध्यमवर्गीय घरातल्या बाईंना शेजारची मुले ‘काकू’ म्हणतात. म्हणून फ्रीजवाल्या बाईंसाठी ‘काकू’ किंवा ‘मॅडम’ बरे. तिशीच्या आतबाहेरच्यांना ‘ताई’. मावशी या शब्दात कमीपणा नाही, माझ्या मते तो काकूपेक्षा गोडच आहे, पण समोरचीला काय ऐकू येते हे पाहावे लागते. आपल्यालाही हा अनुभव आहेच की. दाढी राखलेल्या आमच्या शाळेतल्या पस्तिशीच्या शिक्षकांना रिक्षावाला ‘चाचा’ म्हणतो. त्याने आदरच दिलेला असतो, पण आमचे सर दिवसभर आरशात बघत राहतात.

दुसरी गोष्ट ‘पाहिजे’. ‘आपको देना चाहिए’ हे उर्दूत सल्ल्यासारखे लागते. मराठीत ‘तुम्हाला द्यायला पाहिजे’ हे बजावल्यासारखे लागते. मराठी माणूस पैशांचे बोलताना माणसाला बाजूला काढतो आणि रक्कम पुढे करतो: ‘बिल अठराशे पन्नास झालं आहे.’ कोणी द्यायचे हे बोलायची गरजच नाही, ते दोघांनाही ठाऊक असते. उधारी मागताना तर क्रियापद भूतकाळात जाते: ‘मागचे पाचशे राहिले होते.’ पाचशे आजही राहिलेलेच आहेत, पण ‘होते’ म्हटल्याने मागण्याची धार जाते. उर्दूतही आपण ‘एक काम था’ म्हणूनच बोलायला सुरुवात करतो, काम तर आत्ताचेच असते. हा धागा दोन्ही भाषांत एकच आहे, फक्त तो पकडायचा.

मग आम्ही दोघींनी बसून तो फोन पुन्हा रचला. “काकू, फ्रीजच्या दुकानातून बोलते. तुमचा फ्रीज तयार आहे. तुम्ही न्यायला कधी येता? बिल अठराशे पन्नास झालं आहे.” एकही शब्द भारी नाही. शब्द भारी केल्याने अदब वाढते हा आपला गैरसमज आहे.

गिऱ्हाईक वयाने लहान असेल तर? भाचीने विचारले की कॉलेजातला मुलगा एसीचे विचारायला आला तर त्याला ‘तू’ म्हणायचे का? शाळकरी पोर सोडले तर काउंटरच्या पलीकडचा प्रत्येक जण ‘तुम्ही’. हा साधा रिवाज कुठल्याही जुन्या व्यापाऱ्याच्या पेढीवर पाहायला मिळतो. ओळख वाढली आणि तो स्वतःच म्हणाला की मला ‘अरे’ म्हण, तेव्हा ‘तू’. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे सोपे आणि गोड असते. एकदा ‘तू’ म्हणून मग ‘तुम्ही’वर गेले की समजावे, काहीतरी बिनसले.

हाक मारण्याची एक गंमत सांगायची राहिली. अनोळखी मोठ्या माणसाचे लक्ष वेधायचे तर मराठीत ‘अहो’ म्हणतात: ‘अहो काका, जरा ऐकता का?’ भाची हा शब्द काही केल्या तोंडी घेईना. शेवटी लाजत म्हणाली, “खाला, वो तो शौहर को बोलते ना?” मालिका पाहून तिने हे धरले होते. बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते हे खरे, कारण नाव घ्यायचे नाही आणि आदर तर द्यायचा. पण ‘अहो’ हा ज्यांना ज्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे त्या सर्वांसाठी आहे, बस कंडक्टरपासून मुख्याध्यापकांपर्यंत. ‘अरे’ आणि ‘अगं’ हे ‘तू’वाल्यांसाठी. ‘अरे’सोबत ‘तुम्ही’ लावले की कान लगेच टवकारतात. ‘अरे सर, तुम्ही कुठे होता’ हे आपली मुले सर्रास बोलतात, कारण हिंदीत ‘अरे सर, आप कहाँ थे’ चालते. हिंदी-उर्दूतला ‘अरे’ नुसते आश्चर्य दाखवतो. मराठीतला ‘अरे’ समोरच्याला ‘तू’च्या घरात ओढतो.

सर्वांत अवघड जागा कचेरी. भाचीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अर्ज भरून झाला, पण चौकशीसाठी कार्यालयात बोलावले. पहिल्या दिवशी कारकुनाने उद्या यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती अम्मीला घेऊन गेली आणि म्हणाली, “सर, काल तुम्ही मला बोलले होते.”

कारकून भडकला. “मी कधी बोललो तुला?”

‘आपने बोला था’चे ते शब्दशः मराठी होते. मराठीत ‘मला बोलला’ म्हणजे मला रागावला, मला नावे ठेवली. नुसते सांगणे असेल तर ‘म्हणाला’ किंवा ‘सांगितले’. म्हणायला हवे होते, “साहेब, काल तुम्ही ‘उद्या या’ म्हणाला होतात.” शेवटचा तो ‘त’ही सोडू नये. ‘आलात’, ‘म्हणालात’, ‘होतात’ यांतला ‘त’ म्हणजे मराठीतली ‘तुम्ही’ची मोहोर. बोलण्यात पुष्कळ मराठी माणसेही तो गाळतात, पण त्यांचे कोणी मनावर घेत नाही. आपल्या तोंडून गळला तर तो आपल्या ‘भाषेचा दोष’ ठरतो. हा न्याय नाही, पण असे होते खरे.

कचेरीत मी मुलांना एकच युक्ती सांगते. साहेबांना ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’ हा गोंधळ असेल तर माणसालाच वाक्यातून काढून टाका आणि काम पुढे ठेवा. ‘फॉर्म देता का’ऐवजी ‘फॉर्म कुठे मिळेल?’ ‘सही करणार का’ऐवजी ‘सही आज होईल का?’ ‘मला दाखला पाहिजे’ऐवजी ‘दाखल्याचं विचारायचं होतं.’ यांत ना तू, ना तुम्ही, ना आपण. चुकायला जागाच नाही आणि मराठीत हीच सर्वांत सभ्य बोलण्याची रीत आहे. ‘प्लीज’ची गरज ‘जरा’ भागवतो: ‘जरा बघता का?’ ‘कृपया’ पाटीवर लिहायचा शब्द आहे, तोंडी तो रेल्वेच्या घोषणेसारखा वाटतो.

हाकेचे म्हणाल तर ‘साहेब’ आणि ‘मॅडम’ सगळीकडे चालतात. खेड्यात तलाठ्यांना पुष्कळ ठिकाणी ‘भाऊसाहेब’ म्हणतात. आधी कान देऊन रांगेतले पुढचे काय म्हणतात ते ऐकावे आणि तेच म्हणावे.

पण त्या दिवशी प्रश्न इथे संपला नाही. कारकुनाने भाचीला ‘तुला’ म्हटले होते. सतरा वर्षांच्या मुलीला मोठा माणूस ‘तू’ म्हणतो, त्यात वावगे नाही. तो ‘तू’ मायेचा की हेटाळणीचा हे सोबतच्या शब्दांवरून कळते. ‘बाळ, तुझं नाव सांग’ हा एक ‘तू’ आणि ‘ए, तू, इकडे बघ’ हा दुसरा. पुढच्याच क्षणी त्याने बुरख्यातल्या तिच्या अम्मीकडे बोट केले, “ए, तू इथं सही कर.” माझी बहीण पंचेचाळीस वर्षांची आहे. त्याच रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या, तिच्याच वयाच्या बाईंना तो ‘ताई, तुम्ही’ म्हणाला होता. हे दोघींनीही ऐकले होते.

अशा वेळी परत ‘तू’ म्हणावेसे वाटते. तरुण मुले म्हणतातही, मग काम राहते बाजूला आणि भांडण उरते. भाचीने काय केले ते मला फार आवडले. ती शांतपणे म्हणाली, “साहेब, त्या माझ्या अम्मी आहेत. त्यांनी कुठे सही करायची?”

मराठीत ‘ही माझी आई आहे, हिने कुठे सही करायची’ हे घरगुती बोलणे झाले असते आणि त्यात काही चूक नव्हती. पण इथे तिने मुद्दाम ‘त्या’ आणि ‘त्यांनी’ वापरले. जी मुलगी दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या ‘तू’ने हादरली होती, तिला आता कुठला शब्द कुठे ठेवायचा हे कळले होते. कारकुनाला कोणी सुधारले नाही, पण अम्मींना कसे संबोधायचे हे त्याला ऐकू आले. त्याने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, “त्यांना इथं करायला सांगा.” ‘सांग’ नाही, ‘सांगा’. भाचीचाही बोनसमध्ये ‘तुम्ही’ झाला.

दर वेळी हे चालेलच असे नाही. काही माणसे ऐकून न ऐकल्यासारखे करतात. मग आदराची पायरी खाली न आणता आणखी वर न्यावी. तोंडी बोलण्यात एरवी अवघडलेला वाटणारा ‘आपण’ इथे कामाला येतो: “आपण तारीख लिहून द्यावी, मी त्या दिवशी येते.” या ‘आपण’मध्ये गोडवा नाही, अंतर आहे. समोरच्याला कळते की आता हे प्रकरण कागदावर जाऊ शकते. आणि कागदावर जायचेच असेल तर अर्जाची भाषा ठरलेली आहे. वर ‘प्रति’, मग पदनाम, ‘विषय’, ‘महोदय’, मजकुरात ‘आपणास विनंती आहे की’, खाली ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’. एक प्रत आपल्याकडे ठेवायची आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायची. मजकुरात राग लिहू नये, घडलेले लिहावे: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खिडकीवर.

आमच्या अब्बांनी या बाबतीत आम्हाला लहानपणी हजरत मूसा (अ.) यांची गोष्ट सांगितली होती. फिरऔनसारख्या जालिमाकडे जातानाही अल्लाहने त्यांना आणि हजरत हारून (अ.) यांना मऊ बोलायला सांगितले, हे सूरह ताहामध्ये आहे. मी तेव्हा विचारले होते, मग फिरऔन ऐकला का? अब्बा म्हणाले, नाही ऐकला. पण मूसा (अ.) यांनी बोलणे मऊ ठेवले, मागणी मऊ केली नाही. बनी इस्राईलला सोड, ही मागणी पहिल्या दिवशी होती तीच शेवटपर्यंत होती.

भाचीला दाखला मिळाला. कारकुनाबद्दल घरी सांगताना ती म्हणाली, “साहेब म्हणाले, सोमवारी या.” तिचा भाऊ म्हणाला, “साहेब बोलला, असं म्हण ना, त्याला कशाला इज्जत?” पाठीमागेही ‘म्हणाले’ म्हणायचे की नाही यावर दोघांची बराच वेळ जुंपली. मी मध्ये पडले नाही.

परवा ईदला ती मैत्रीण शीरखुर्मा खायला आली होती. मुमानी स्वयंपाकघरातून उभ्या उभ्याच वाढत होत्या. मैत्रीण तिच्या हिंदीत म्हणाली, “चाची, तुम भी बैठो ना!” लखनौच्या मुमानींच्या भुवया सवयीने वर गेल्या. भाचीने वाटी पुढे करत हळूच सांगितले, “मुमानी, वो ‘तुम्ही’ बोली.”

मुमानी बसल्या.